ठळक ओळ मोकळी, बारीक ओळ पक्की

जाहिरातीच्या फलकावर दोन तऱ्हेचा मजकूर असतो. एक लांबून दिसावा म्हणून मोठ्या, जाड अक्षरांत लिहिलेला. दुसरा खाली कोपऱ्यात, चांदणीचं चिन्ह देऊन बारीक लिहिलेला. पहिल्या ओळीचं काम माणसाच्या मनाला हात घालणं, आणि दुसरीचं काम पहिलीनं दिलेल्या शब्दाला कुंपण घालणं. खान्देशात हिंदी किंवा इंग्रजी फलकांची जी मराठी रूपं लागतात, त्यांत मोठी ओळ शब्दाला शब्द लावून आणलेली असते, आणि बारीक ओळ बहुतेक वेळा आणलेलीच नसते. नेमकं उलट व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. मोठी ओळ मराठीत नव्यानं सुचली पाहिजे, मग तिच्यात मूळचा एक शब्दही उरला नाही तरी चालेल. बारीक ओळ मात्र जशीच्या तशी, शब्द न गाळता आली पाहिजे.

हे काम येतं कसं, ते आधी सांगते, कारण बरीचशी गडबड तिथेच सुरू होते. धुळ्याहून शिरपूर ओलांडून महामार्ग बिजासन घाट चढतो आणि पलीकडे मध्य प्रदेशात सेंधव्याला उतरतो. अलीकडेही कापूस, पलीकडेही कापूस. कंपनी तीच, बियाणं तेच, वितरकाचा माणूसही अनेकदा तोच. तिकडच्या निमाड भागात लागलेला हिंदी फलक त्याला आवडतो, तो गाडी बाजूला घेऊन मोबाइलवर फोटो काढतो आणि पाठवून देतो. सोबत एक ओळ असते: ‘ताई, फक्त मराठी करायचंय, सकाळी फ्लेक्स छापायला टाकतोय.’ मूळ डिझाइनची फाइल नसते आणि जाहिरात कुणासाठी, कशासाठी केली त्याचा कागदही नसतो. हातात असतो तो तिरका काढलेला फोटो, ज्यात विजेच्या खांबानं एक अक्षर झाकलेलं आणि पानटपरीच्या पत्र्याआड खालची पट्टी गेलेली.

असाच एक फोटो घेऊन पुढचं सगळं बोलते. कापसाच्या बियाण्याचा फलक. डावीकडे पांढऱ्या पागोट्यातला शेतकरी, त्याच्या ओंजळीत फुटलेला कापूस. मोठ्या अक्षरांत ‘इस साल किसान की चाँदी ही चाँदी!’ आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत ‘इल्ली की छुट्टी, डेंडू की भरमार’. निमाडात कापसाच्या बोंडाला डेंडू म्हणतात, आणि इल्ली म्हणजे अळी. फोटो मोठा करून पाहिला तर दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक चांदणी दिसते. त्या चांदणीचा खुलासा पत्र्याआड गेलेला.

घाईत याचं मराठी काय होतं ते डोळे मिटूनही सांगता येईल: ‘यंदा शेतकऱ्याची चांदीच चांदी! अळीची सुट्टी, बोंडांची भरमार’. व्याकरण शुद्ध, शब्द सगळे मराठी, आणि तरीही ओळ मेलेली. तिचं काय बिनसलं ते नीट पाहायला हवं, कारण ‘भाषांतर कृत्रिम वाटतं’ एवढं म्हणून कुणाचंच काम भागत नाही.

मराठीत ‘चांदी होणे’ आहेच, पण ती होते कुणाची? वर्तमानपत्रांचे मथळे आठवून बघा. दलालांची चांदी, व्यापाऱ्यांची चांदी, खासगी गाडीवाल्यांची चांदी. दुसऱ्याच्या अडचणीत ज्याचं फावलं त्याची आपल्याकडे चांदी होते. हिंदीत हा वाक्प्रचार आनंदाचा आहे, मराठीत त्याला नफेखोरीचा वास आहे. त्यातून भाव पडल्यानं हैराण झालेला कापूस उत्पादक जेव्हा ‘चांदी’ वाचतो, तेव्हा त्याला आठवतो तो खेडा खरेदीला आलेला व्यापारी, स्वतःचं घर नव्हे.

‘भरमार’चंही तसंच. हिंदीत भरमार चांगल्याचीही होते. मराठीत भरमार होते चुकांची, खटल्यांची, नको त्या गोष्टींची. चांगलं भरभरून आलं की झाड लगडतं, मळा बहरतो, घर भरतं. आणि ‘सुट्टी’ तर सरळ फसलेली आहे. हिंदीतली ‘छुट्टी’ म्हणजे कायमची हकालपट्टी, आपली सुट्टी म्हणजे दिवाळीची. सुट्टीवर गेलेला परत येतो. अळी परत येणार असं सांगणारी बियाण्याची जाहिरात कोणती कंपनी पैसे मोजून लावेल?

फसवं भाषांतर ओळखायचं कसं, याची खूण इथेच सापडते. शब्द दोन्ही भाषांत सारखा दिसला की थांबायचं आणि तो शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी येतो ते आठवायचं. इंग्रजी फलकापेक्षा हिंदी फलक जास्त फसवतो तो यामुळेच. इंग्रजी वाक्प्रचार परका दिसतो म्हणून माणूस आपोआप सावध होतो. हिंदी वाक्प्रचार नात्यातला वाटतो आणि न विचारता घरात शिरतो.

मग करायचं काय? मी शब्द बाजूला ठेवते आणि आधी एक साधं वाक्य लिहिते: मोटरसायकलवरून जाणाऱ्या शेतकऱ्यानं हा फलक बघून काय समजावं आणि पुढे काय करावं? इथे ते असं निघतं: ‘यंदा कापसातून घरात पैसा येईल असं त्याला वाटावं, आणि त्यानं दुकानात जाऊन या वाणाची चौकशी करावी.’ हे वाक्य छापायचं नसतं. पण प्रत्येक मराठी ओळ मी त्याच्यापुढे उभी करून बघते.

दुसरी गोष्ट, चित्र आणि शब्द यांचं नातं. फोटोवरून भाषांतर करणारे बहुतेक जण फक्त अक्षरं वाचतात, चित्र बघतच नाहीत. इथे हिंदी ओळीचा सगळा जोर चित्रावर आहे. ओंजळीतला पांढरा कापूस आणि पांढरी चांदी, रंग एक म्हणून कोटी जमली. मराठीत चांदी गेली तरी रंग हाताशी राहतो. आपल्याकडे कापसाला पांढरं सोनं म्हणतातच. पहिली ओळ सहज सुचते ती हीच: ‘यंदा पांढरं सोनं घरात!’ वाईट नाही. पण ‘पांढरं सोनं’ आता कापसाच्या प्रत्येक बातमीत येतं, भाव पडला तरी आणि पावसानं कापूस भिजला तरी. इतका वापरलेला शब्द रस्त्यावरच्या माणसाची मान वळवत नाही.

दुसरी ओळ सुचली: ‘वेचून थकाल, असा कापूस!’ ऐकायला जोरदार होती. शेजारच्या आबांना वाचून दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘येचाले मजूर कोठे भेटतस, ताई?’ आणि त्यांचं बरोबर होतं. वेचणीचा दर किलोमागे ठरतो, ऐन हंगामात मजूर मिळत नाही, आणि गावातून गाडी भरून माणसं आणावी लागतात. ‘वेचून थकाल’ हे शब्द शेतकऱ्याच्या कानी खर्च म्हणूनच पडतात. ज्याच्यासाठी फलक आहे त्याच्या डोक्यातला हिशेब माहीत नसेल, तर सुंदर ओळसुद्धा उलटी पडते.

मग आली ‘काळीत पांढरं, घरात पिवळं!’ या ओळीवर माझा जीव जडला होता. काळी म्हणजे तापीकाठची काळी जमीन, पांढरं म्हणजे कापूस, पिवळं म्हणजे सोनं. खान्देशात कापसाचा पैसा हातात आला की घरातली बाई सोन्याचा विषय काढते, आणि जळगावचा सराफ बाजार तर प्रसिद्धच. चार शब्द, तीन रंग, चित्रालाही धरून. पण फलक वाचला जातो चालत्या गाडीवरून. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. फलक १०० मीटरवरून वाचता येत असेल, तर वाचणाऱ्याच्या हातात उणेपुरे ६ सेकंद, आणि त्यातही त्याचं लक्ष रस्त्यावर. एवढ्या वेळात डोळा अक्षरं जुळवत बसत नाही, ओळखीचा शब्द पकडतो. ‘काळीत’ हा छापील मजकुरात क्वचित दिसणारा शब्द, आणि त्याच्या अगदी जवळचा रोजचा शब्द आहे ‘काळजीत’. ज्यांना ज्यांना मोबाइलवर ती ओळ क्षणभर दाखवून काढून घेतली, त्यांतल्या काहींनी ‘काळजीत’ असंच वाचलं. कापूस उत्पादकाच्या फलकावर काळजी नको. ओळ बदलली: ‘शेतात पांढरं, घरात पिवळं!’ एक रंग गेला, पण ओळ सरळ उभी राहिली.

या ओळीत मूळ हिंदीतला एकही शब्द नाही. चांदी नाही, किसान नाही, ‘इस साल’ही नाही. तरी माझ्या मते भाषांतर हेच. मुख्य कार्यालयाला ते पटवावं लागतं, आणि त्यासाठी मी प्रत्येक पर्यायासमोर दोन गोष्टी लिहून देते: ओळीचा शब्दशः अर्थ हिंदीत, आणि ती का निवडली त्याचं दोन वाक्यांत कारण. मराठी न येणाऱ्या अधिकाऱ्यालाही मग कळतं की आपण कशाला होकार देतोय. ‘मूळ ओळीपासून दूर गेलात’ हा आक्षेप बहुधा समोरच्याला काय लिहिलंय तेच कळत नाही म्हणून येतो. कळलं की आक्षेप ओळीवर येतो, आणि ओळीवरचा वाद नेहमीच फायद्याचा.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. आपल्या रस्त्यांवर याचे जुने दाखले आहेत. हिंदी मुलुखात घाटाच्या तोंडावर ‘दुर्घटना से देर भली’ दिसतं. आपल्याकडे त्या जागी ‘अति घाई, संकटात नेई’ आहे. एका ओळीत उशीर चांगला ठरवलाय, दुसरीत घाई वाईट. शब्द वेगळे, बाजू वेगळी, आणि चालकाच्या पायावर होणारा परिणाम एकच. कुणी ‘अपघातापेक्षा उशीर बरा’ लिहिलं असतं तर अर्थ पोहोचला असता, पण घाई आणि नेई यांची गाठ लहान पोरांच्याही तोंडी बसली ती बसली नसती. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ घ्या. ही ओळ मराठीतच जन्मली आणि गावोगावच्या बांधावर टिकली, कारण ‘जिरवा’ या क्रियापदात जे आहे ते दुसऱ्या भाषेतून आणता आलं नसतं. उलट कधी शब्दशः भाषांतरही चपखल बसतं. ‘बेटी बचाओ, बेटी पढ़ाओ’ ही मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. तिचं ‘लेक वाचवा, लेक शिकवा’ हे रूप सरळ शब्दाला शब्द आहे, पण दोन्ही क्रियापदांच्या शेवटी ‘वा’ येतो म्हणून लय टिकते, आणि ‘बेटी’पेक्षा ‘लेक’ आपल्या माणसाला जवळची. म्हणून शब्दशः भाषांतर वर्ज्य आहे असं मी म्हणत नाही. ते जमलं तर योगायोगानं जमतं, एवढंच. योगायोगावर फलकाचा खर्च करू नये.

आता दुसरी ओळ, ‘इल्ली की छुट्टी’. इथे माझा सूर बदलतो. पहिली ओळ एक इच्छा होती. घरात पिवळं येईल की नाही हे कुणी मोजून कंपनीला जाब विचारणार नाही. पण ‘अळीची हकालपट्टी’ हा दावा आहे. वाक्प्रचाराच्या कपड्यात आला म्हणून तो दावा असायचा थांबत नाही. शेतात तो खरा किंवा खोटा ठरतो, आणि तो खोटा ठरला तर नुकसान शेतकऱ्याचं.

बीटी कापसाचं प्रकरण इथल्या लोकांना नव्यानं सांगायला नको. अळीविरोधी दोन जनुकं घातलेलं वाण आलं तेव्हा ते बोंडअळ्यांपासून संरक्षण देईल असं सांगितलं गेलं. हिरव्या अमेरिकन बोंडअळीवर ते चाललं. गुलाबी बोंडअळी मात्र त्याला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं काय केलं ते कापूस पिकवणारं प्रत्येक घर सांगेल. तेव्हापासून कृषी खातं हंगामपूर्व लागवड टाळा, अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे लावा, हंगाम संपल्यावर पीक तसंच ठेवून फरदड घेऊ नका असं सांगत आलंय. म्हणजे आज खान्देशात कापसाच्या संदर्भात नुसतं ‘अळी’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुलाबी बोंडअळीच येते. ‘अळीचा बंदोबस्त’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं तर तो हेच समजणार की गुलाबी अळीचाही बंदोबस्त झाला. सापळ्यांचा खर्च वाचला असं समजून तो निर्धास्त राहिला, तर बोंडं फोडून बघेपर्यंत वेळ गेलेली असेल.

म्हणून या ओळीत वाक्प्रचाराचा परिणाम टिकवायचा नाही. वाक्प्रचार उचलून बाजूला ठेवायचा, त्याच्या खालचा दावा बाहेर काढायचा आणि पाकिटावरच्या लेबलशी ताडून पाहायचा. लेबलवर जे लिहिलंय तेच मराठीत: कोणत्या अळ्यांपासून संरक्षण, कोणत्यापासून नाही. या फलकासाठी मी सुचवलेली ओळ अशी होती: ‘हिरव्या व ठिपक्यांच्या बोंडअळीपासून संरक्षण. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा.’ कवितेचा लवलेश नाही, आणि नसावाच. विक्रीचं बघणाऱ्यांना वाटतं, यानं जाहिरातीची धार जाते. माझा अनुभव उलटा आहे. सापळ्याचा उल्लेख केला की दुकानात आलेला शेतकरी विचारतो, सापळे तुमच्याकडे आहेत का? त्याला समोरचा माणूस जाणकार वाटतो.

आणि ती चांदणी. फोटोत चांदणी दिसते पण तिचा खुलासा दिसत नाही, तेव्हा भाषांतर करणारे आणि डिझाइन करणारे दोघंही ती सरळ गाळतात. कुणाला तो फ्लेक्सवरचा डाग वाटतो, कुणाला शोभेचं फूल. मी अशा वेळी काम थांबवते. परत फोटो मागते, समोरून, जवळून, खालची पट्टी पूर्ण येईल असा. ते जमत नसेल तर मूळ फाइल, तीही नसेल तर बियाण्याचं पाकीट किंवा माहितीपत्रक. चांदणीचा खुलासा मिळाल्याशिवाय चांदणी असलेल्या ओळीचं मराठी करून द्यायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो सगळ्यांनी पाळावा असं मला वाटतं. या फलकाच्या बाबतीत पत्र्याआडची ओळ मिळाली ती अशी: ‘अनुकूल मौसम एवं सिफ़ारिश के अनुसार प्रबंधन की स्थिति में’. म्हणजे हवामान साथ देईल आणि शिफारशीप्रमाणे सगळं कराल, तरच. ही अट शेतकऱ्याला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे.

हा नुसता माझा आग्रह नाही, नियमही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा, आणि तो ठळक, दिसेल अशा जागी हवा. खुलासा दाव्याच्या विरुद्ध जाणारा असूनही चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. म्हणजे मोठी ओळ मराठीत केली त्याच क्षणी बारीक ओळही मराठीत करणं बंधनकारक होतं. मराठी दाव्याखाली इंग्रजीत दोन शब्दांची अट टाकून सुटका होत नाही. नुसतं ‘अटी लागू’ लिहिणंही मला मान्य नाही. कोणत्या अटी, ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला काय कळलं?

यावर जाहिरातवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो: महामार्गावर बारीक अक्षरं वाचतो कोण? खरंय, ६ सेकंदांत कुणी वाचू शकत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या सोयीचा नाही. ज्या दाव्याला खुलाशाची गरज आहे तो दावा महामार्गावरच्या फलकावर घेऊच नये. तिथे फक्त इच्छेची ओळ ठेवा, ‘शेतात पांढरं, घरात पिवळं’सारखी. अळीचं, उत्पादनाचं, टक्केवारीचं जे काही सांगायचंय ते दुकानाच्या दारातल्या फलकावर लिहा, जिथे माणूस उभा राहून वाचतो. शिरपूरच्या रस्त्यावरचा फलक आणि दोंडाईच्याच्या बाजारातल्या दुकानाचा फलक यांचा मजकूर एकच असावा, हा हट्टच चुकीचा आहे.

मोकळेपणाची मर्यादा कुठे, तेही बोललं पाहिजे, कारण मोकळ्या भाषांतरातही धोका आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सराफांचे फलक लागतात. इंग्रजी फलकावर मेकिंग चार्जेस शून्य, आणि चांदणी. याचं चांगलं मराठी कुणीही जाणता माणूस ‘घडणावळ माफ!’ असं करील. घडणावळ हा आपला शब्द, आणि माफ म्हटलं की उपकार केल्याचा गोडवा येतो. लेकी-जावयांच्या सणाला तो शोभतोही. पण चांदणी गळाली आणि मराठी ओळ मूळ ओळीपेक्षा मोठी झाली. खुलाशात सूट फक्त निवडक दागिन्यांवर असेल, तर मराठी ओळ मूळ जाहिरातीनं न दिलेलं वचन देऊन बसली. ‘पर्यंत’ हा शब्द असाच घरंगळतो. निम्म्या किमतीपर्यंत सूट, आणि मराठी फलकावर उरतं ‘निम्म्या किमतीत’. भाषांतरात परिणाम टिकवायचा असतो, वाढवायचा नसतो. ‘निवडक दागिन्यांवर घडणावळ माफ’ ही ओळ थोडी लांबते, पण खरी राहते आणि चांदणीचीही गरज उरत नाही.

अहिराणीबद्दल मला नेहमी विचारलं जातं. खान्देशातला फलक आहे तर अहिराणीत का करत नाही? मी करते, पण विचारून. धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर या पट्ट्यात अहिराणी ओळ थेट काळजात जाते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात लेवा बोली आहे, तिथे तीच ओळ पाहुणी होते. नंदुरबारच्या डोंगरात भिल्ली आणि पावरी बोलणाऱ्यांना ती तिसऱ्याचीच वाटते. ‘खान्देश म्हणजे अहिराणी’ हे समीकरण बाहेर बसून केलेलं आहे. त्याहून जास्त खटकतं ते हे, की जाहिरातीत अहिराणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा भोळा, गोंधळलेला, हसण्याचा विषय दाखवलेला असतो, आणि शहाणपण सांगणारा प्रमाण मराठी बोलतो. माझी अट सोपी आहे: अहिराणी वापरायची तर शहाण्या माणसाच्या तोंडी द्या. आणि बारीक ओळ प्रमाण मराठीतच ठेवा, कारण करारनाम्याची, पावतीची आणि तक्रारीची भाषा तीच आहे.

छपाईत जे बिघडतं त्यावर फार वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट राहायला नको. मोबाइलवर टाइप करून पाठवलेला युनिकोड मजकूर फ्लेक्सच्या दुकानात कोरल या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फाँटवर टाकला की अक्षरं फुटतात, मग ऑपरेटर तो स्वतः परत टाइप करतो. ‘शेतकऱ्याची’चं ‘शेतकर्याची’ तिथे होतं, अनुस्वार तिथे पडतात आणि चांदणीही तिथेच हरवते. मराठीतले प्रत्यय शब्दाला चिकटतात म्हणून शब्द लांब होतात. हिंदीत ‘किसान के लिए’ तीन तुकड्यांत मोडता येतं, ‘शेतकऱ्यांसाठी’ मोडता येत नाही. तेव्हा जागेत बसवायला ऑपरेटर अक्षरं दाबून अरुंद करतो आणि वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींत मिसळतात. म्हणून मजकूर पाठवला की माझं काम संपलं असं मी धरत नाही. छपाईआधीचं चित्र मागते, ते मोबाइलवर अंगठ्याएवढं करून हात लांब करून बघते. त्या आकारात ओळ वाचता आली नाही तर रस्त्यावरही येणार नाही. मग दोष अक्षराच्या आकाराचा नसतो, ओळच लांब झालेली असते, आणि ती पुन्हा लिहावी लागते.

या सगळ्याला वेळ लागतो. एका फलकाला तासाभराऐवजी दीड-दोन दिवस, कधी परत फोटोसाठी कुणाला घाट चढून जावं लागतं. वितरक म्हणतात, एवढा वेळ कुणाकडे आहे? वेळ कमी असतो, कारण भाषांतर सगळ्यात शेवटी, छपाईच्या आदल्या रात्री आठवतं. कापूस लागवडीची तारीख काही अचानक येत नाही. जूनचा फलक एप्रिलमध्ये ठरवता येतो, आणि आखाजी कधी आहे ते दिनदर्शिकेत छापलेलं असतं. खान्देशात विकायचं असेल तर कंपनीनं भाषांतराला फोटो पाठवू नये. मूळ फाइल, लेबल, बारीक मजकुराचा पूर्ण कागद आणि फलक कुठल्या रस्त्यावर लागणार ती जागा, एवढं पाठवावं. आणि जो शेतकरी किंवा ग्राहक फलकावर विश्वास ठेवून खरेदी करणार आहे, त्यानंही एक फोटो काढून ठेवावा, चांदणी आणि खालची पट्टी दोन्ही येतील असा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तक्रार करताना तो फोटो लागतो.